जिन्याचा घुमारा फायलीत: साइन स्वीपने इम्पल्स रिस्पॉन्स पकडताना

रिकाम्या जिन्यात टाळी वाजवली की ती दोन-अडीच सेकंद रेंगाळते. हे रेंगाळणं जसंच्या तसं फायलीत उतरवता आलं, तर घरातल्या कोरड्या खोलीत रेकॉर्ड केलेला आवाजही नंतर त्या जिन्यात गायल्यासारखा ऐकवता येतो. त्या फायलीला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. कन्व्होल्यूशन रिव्हर्ब हा इफेक्ट आवाजाच्या प्रत्येक सॅम्पलमागे हे रेंगाळणं त्या सॅम्पलच्या उंचीप्रमाणे लहानमोठं करून जोडतो आणि सगळ्यांची बेरीज करतो.

मग टाळीच रेकॉर्ड करून का वापरू नये? टाळीत खालचे सूर जवळजवळ नसतात. फुगा फोडला तर थोडं बरं, पण प्रत्येक फुगा वेगळा फुटतो. आणि दोन्हींची खरी अडचण अशी, की सगळी ऊर्जा एका क्षणात संपते. शेपूट लवकरच आजूबाजूच्या खुसफुशीत बुडते. साइन स्वीपमध्ये वीस सेकंद सलग, एकूण कितीतरी जास्त ऊर्जा खोलीत सोडतात: २० हर्ट्‌झपासून २०,००० हर्ट्‌झपर्यंत सलग चढत जाणारी एक शिट्टी. नंतर गणिताने ते वीस सेकंद पुन्हा एका क्षणात दुमडायचे, की उरते ती खोली.

दुमडण्याचं हे गणित एकाच गोष्टीवर उभं आहे: त्या वीस सेकंदांत काहीही बदलता कामा नये. स्पीकर हलू नये, माणूस सरकू नये, दार उघडू नये, कुठल्या यंत्राने मध्येच आवाज कमी-जास्त करू नये. खालची बहुतेक काळजी याच एका अटीपोटी घ्यायची आहे.

स्वीप कसा असावा

स्वीप लॉगरिदमिक हवा, म्हणजे प्रत्येक सप्तकाला सारखाच वेळ देणारा. इटलीतल्या पार्मा विद्यापीठाचे आंजेलो फारिना यांनी २००० साली मांडलेल्या निबंधानंतर ही पद्धत रूढ झाली. तिची खुबी आकड्यांतच दिसते. २० ते २०,००० हर्ट्‌झ म्हणजे जवळपास दहा सप्तकं. स्वीप वीस सेकंदांचा, म्हणून सप्तकाला दोन सेकंद.

आता कुठलाच स्पीकर स्वच्छ नसतो. १०० हर्ट्‌झ वाजवताना तो थोडा २०० हर्ट्‌झही सांडतो. स्वीपच्या हिशेबाने २०० हर्ट्‌झ यायला अजून दोन सेकंद असतात, आणि हा सांडलेला मात्र आत्ताच येतो. २०० वाजवताना ४०० सांडतो, तोही दोनच सेकंद लवकर. म्हणून सगळं दुमडल्यावर दुप्पट कंपनांचा हा कचरा खऱ्या रिस्पॉन्सच्या बरोबर दोन सेकंद आधी गोळा होतो आणि तिप्पट कंपनांचा साधारण ३.२ सेकंद आधी. कात्रीने कापून टाकता येतो. सरळ रेषेत चढणाऱ्या स्वीपमध्ये तो असा एका जागी जमत नाही, पसरून राहतो.

वीस सेकंद हा आकडाही यातूनच ठरला. जिन्याचा घुमारा ६० डेसिबलने उतरायला सुमारे अडीच सेकंद घेतो असं धरू, म्हणजे सेकंदाला २४ डेसिबल. दोन सेकंद आधीच्या त्या कचऱ्यालाही स्वतःचं शेपूट आहेच, पण खरा रिस्पॉन्स सुरू होईपर्यंत ते ४८ डेसिबलने खाली गेलेलं असतं. मुळात तो कचराही बारीकच, त्यामुळे उरलेलं शेपूट कानाला लागत नाही. सात-आठ सेकंद घुमणाऱ्या दगडी सभागृहात मात्र वीस सेकंद अपुरे पडतील. तिथे चाळीस किंवा साठ घ्या. स्वीपची लांबी दुप्पट केली की गोंगाटाच्या तुलनेत ३ डेसिबलचा फायदाही मिळतो.

पायथॉन येत असेल तर स्वीप स्वतःच बनवा. दहा-बारा ओळींचं काम आहे, आणि पुढे दुमडायला लागणारा उलटा फिल्टरही याच आकड्यांतून निघतो.

```python
import numpy as np, soundfile as sf

fs, T, f1, f2 = 48000, 20, 20, 20000
t = np.arange(T * fs) / fs
L = T / np.log(f2 / f1)
x = np.sin(2 * np.pi * f1 * L * (np.exp(t / L) - 1))

a, b = int(0.1 * fs), int(0.01 * fs)
x[:a]  *= np.sin(np.linspace(0, np.pi / 2, a)) ** 2
x[-b:] *= np.cos(np.linspace(0, np.pi / 2, b)) ** 2
x *= 0.5

out = np.concatenate([np.zeros(2 * fs), x, np.zeros(6 * fs)])
sf.write("sweep.wav", out, fs, subtype="PCM_24")
```

मधल्या ओळी सुरुवात आणि शेवट हळुवार करतात, नाहीतर दोन्ही टोकांना टक् असा आवाज येतो. आधीची दोन सेकंदांची शांतता गोंगाट मोजायला आणि शेवटची सहा सेकंदं घुमारा पूर्ण विरायला. नवखे लोक हमखास इथेच चुकतात: स्वीप थांबला की रेकॉर्डिंग थांबवतात. उंच सुरांचं शेपूट तेव्हा हवेतच असतं.

आधी वायरने तपासा

खोलीत काहीही मांडण्याआधी ऑडिओ इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये थेट वायर जोडा, स्वीप वाजवा, रेकॉर्ड करा आणि पुढे दिलेल्या पद्धतीने दुमडून पाहा. वायरला घुमारा नसतो, त्यामुळे एकच टोकदार सुळका दिसायला हवा. त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक थरथर असेल, ती स्वीप २० आणि २०,०००ला तुटतो म्हणून येते. तिची काळजी नको. पण सुळका फताडा असेल किंवा त्याच्यामागे दुसरा सुळका उभा असेल, तर साखळीत कुठेतरी इक्वलायझर, लिमिटर किंवा मॉनिटरिंगचा फेरा चालू राहिलाय. जिन्यात जाऊन बसल्यावर हे शोधत बसण्यापेक्षा टेबलावर शोधलेलं बरं.

वाजवणं आणि रेकॉर्ड करणं एकाच इंटरफेसवर हवं, हा नियम मी ठेच लागून शिकलो. पहिल्या खेपेला स्वीप फोनवरून वाजवला आणि पकडला वेगळ्या हातातल्या रेकॉर्डरवर. दोघांवरही ४८,००० लिहिलं होतं, पण प्रत्येक यंत्राचं घड्याळ आपापल्या चालीने चालतं. दहा लाख सॅम्पलमागे ५० सॅम्पलचा फरक असला, तरी वीस सेकंदांत तो एक मिलिसेकंदाचा होतो. म्हणजे दुमडल्यावर खालचे सूर एका वेळी आणि वरचे एक मिलिसेकंद पुढे-मागे येतात. माझ्या फायलीत सुळक्याच्या जागी एक छोटीशी लोळण होती. तिच्यातून स्नेअर ड्रम काढला तेव्हा त्याची धारच गेली होती. दोष माइकचा समजून मी तीन वेळा माइक हलवला.

फोनवर रेकॉर्ड करण्यात आणखी एक खोट आहे. फोन आपणहून आवाजाची पातळी बदलतो आणि सलग सूर आला की त्याला गोंगाट समजून पुसायला बघतो. ब्लूटूथ स्पीकरमध्येही आतल्या आत दाबणं-उचलणं चालू असतं. काही बदलू नये ही अट दोघेही पहिल्याच सेकंदाला मोडतात.

जिन्यातली मांडणी

माझ्या जिन्याचा चौक साधारण तीन मीटर बाय सहा, उंची बारा मीटर. स्पीकर तळमजल्यावर, माइक दुसऱ्या टप्प्यावर, मध्ये पाचेक मीटर. एवढ्या लहान, घुमणाऱ्या जागेत स्पीकरपासून अर्ध्या मीटरपलीकडे गेलात की भिंतींवरून आलेला आवाज थेट आवाजापेक्षा मोठा असतो. म्हणून अंतराचा फार काटेकोरपणा नको, फक्त चिकटून ठेवू नका. स्पीकरचं तोंड माइककडे न करता भिंतीकडे किंवा वर जिन्याकडे वळवलं, तर थेट आवाज आणखी दबतो. रिव्हर्बसाठी तेच हवं, कारण थेट आवाज तुमच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये आधीच आहे.

स्पीकर बऱ्यापैकी सपाट हवा, कारण त्याचा रंग फायलीत कायमचा उतरतो. आठ इंचांचा स्टुडिओ मॉनिटर पुरतो. पन्नास हर्ट्‌झखाली तो फारसं देत नाही, त्याने काही अडत नाही. एवढ्या खालचं रिव्हर्ब मिश्रणात बहुधा कापलंच जातं.

माइक सगळ्या दिशांनी सारखं ऐकणारे दोन घ्या आणि अर्ध्या मीटरवर स्टँडला घट्ट बसवा. एका माइकने मोनो फाइल मिळेल आणि तीही चालेल, पण खोलीची रुंदी दोन कानांमधल्या बारीक फरकांतून येते आणि ती नंतर कुठून आणता येत नाही. दोन्ही माइकांचा गेन सारखा लावा आणि मग त्याला हात लावू नका.

आता गोंगाट. पंखा, एसी, वाजणारी ट्यूब बंद. पंखा आणि एसी बंद करायचं कारण नुसती घरघर नाही: हलणारी हवा आवाजाचा रस्ता क्षणाक्षणाला बदलते आणि उंच सुरांची शेपटं पुसट होतात. याच कारणाने पाच छोटे स्वीप घेऊन सरासरी काढण्यापेक्षा एक लांब स्वीप घेणं बरं. पाच वेळांत हवा पाच वेळा वेगळी असते. जिन्याच्या खिडक्या, सैल कठडे, टांगलेला फलक यांवरून हात फिरवा. जे हलतं ते खालच्या सुरांत थरथरणार. वर्तमानपत्राची घडी खुपसली तरी पुरते.

पातळी आणि रेकॉर्डिंग

२४ बिट, ४८,००० हर्ट्‌झ. आधी स्वीप अगदी हळू वाजवून पाहा, मग वाढवा. खोली काही सुरांना फुगवते, त्यामुळे पातळी स्वीपभर सारखी दिसत नाही. सगळ्यात मोठा उंचवटा पूर्ण पातळीच्या १० डेसिबल खाली राहील असा गेन ठेवा. एकदाही वर आदळला तर तो टेक टाकून द्या.

स्पीकर किती मोठ्याने? जिन्यात बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागेल एवढा. शेवटची काही सेकंदं सगळी ताकद छोट्या ट्वीटरवर पडते, आणि सलग साइन गाण्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त तापवते. कानात बोळे घाला. ४,००० हर्ट्‌झच्या आसपासची शिट्टी कानाला बोचते आणि तुम्ही दचकून पाय हलवता, मग तो टेक गेला. शक्य असेल तर रेकॉर्डिंग सुरू करून दाराबाहेर जा. माणसाचं अंगही आवाज शोषतं.

तीन टेक घ्या. सरासरीसाठी नाही, सर्वांत स्वच्छ निवडता यावा म्हणून. प्रत्येक टेक तिथेच हेडफोनवर ऐका. लिफ्टचा खटका, पायरीवरची चप्पल, लांबचा हॉर्न, असं काही आलं की तो टेक बाद.

छोट्याशा खटक्याने काय बिघडतं, असं वाटेल. बराच फरक पडतो. दुमडणारा फिल्टर म्हणजे तोच स्वीप उलटा, वरून खाली येणारा. खटक्यात सगळेच सूर असतात, त्यामुळे फिल्टरमधून गेल्यावर खटका खाली घसरणारी वीस सेकंदांची शिट्टी बनतो. ती रिस्पॉन्सवरून जाताना नेमक्या त्या सुरावर असते, जो खटक्याच्या क्षणी स्वीपमध्ये वाजत होता. शेपटाच्या तळाशी उतरती शिट्टी ऐकू आली, तर माइक किंवा केबल तपासत बसू नका. कुणीतरी काहीतरी पाडलंय.

दुमडणं

रेकॉर्डिंग दोन चॅनलच्या एका वेव्ह फायलीत काढा, आधीची शांतता न कापता. मग वरच्याच प्रोग्रामच्या पुढे:

```python
from scipy.signal import fftconvolve

y, fs_y = sf.read("recording.wav", always_2d=True)
assert fs_y == fs
inv = x[::-1] * np.exp(-t / L)
h = np.stack([fftconvolve(c, inv) for c in y.T], axis=1)
h /= np.max(np.abs(h))
sf.write("ir_raw.wav", h, fs, subtype="FLOAT")
```

`inv` हा उलटा स्वीप. त्यात आणखी एक उतार मिसळला आहे, कारण लॉगरिदमिक स्वीपमध्ये खालच्या सुरांना जास्त ऊर्जा मिळते आणि ती इथे समतोल करावी लागते. दोन्ही चॅनलना एकाच आकड्याने भागलंय हेही पाहा. वेगवेगळं भागलं तर खोलीचा डावा-उजवा तोल बदलेल. कोड नको असेल तर REW हा मोफत प्रोग्राम स्वीप वाजवण्यापासून रिस्पॉन्स काढण्यापर्यंत सगळं करतो, पण आत काय होतं हे एकदा हाताने केलेलं बरं.

`ir_raw.wav` ऑडॅसिटीत उघडा आणि उभा अक्ष डेसिबलमध्ये करा. साध्या अक्षावर नुसता सुळका दिसेल, कामाचं सगळं त्याच्या तळाशी असतं. माझ्या फायलीत मोठा सुळका २२ सेकंदांच्या जरा पुढे आला: दोन सेकंद शांतता, वीस सेकंद स्वीप, वर पाच मीटर हवेचे १५ मिलिसेकंद आणि इंटरफेसची थोडी दिरंगाई. २० सेकंदांपाशी एक बुटका उंचवटा होता, १८.८ला त्याहून बुटका. हाच तो दुप्पट-तिप्पट कंपनांचा कचरा. तो जरा जास्तच उंच दिसला तर स्पीकर दमलाय, पातळी उतरवून पुन्हा घ्या.

कापणी

पुढून कापताना मोठ्या सुळक्याच्या मिलिसेकंदभर आधी कापा, दोन्ही चॅनल एकत्र. दोन माइकांपर्यंत आवाज पोचण्यात थोडा फरक असतो, आणि चॅनल वेगवेगळे सरकवले तर रुंदी मोडते. थेट आवाज ठेवायचा की काढायचा हा निवडीचा भाग. रिव्हर्ब वेगळ्या सेंडवर लावत असाल तर पहिला सुळका हळुवार उतारासह काढून टाका. नाहीतर मूळ आवाज आणि त्याची ही प्रत एकमेकांत मिसळून पोकळ, नळीतून आल्यासारखा रंग येतो.

मागून कापणं जास्त नाजूक. डेसिबलच्या चित्रात शेपूट तिरक्या रेषेने उतरतं आणि एका जागी आडव्या पट्टीला मिळतं. ती पट्टी म्हणजे गोंगाट. माझ्याकडे ती सुळक्याच्या ६५ डेसिबल खाली होती, म्हणजे सेकंदाला २४च्या हिशेबाने शेपूट २.७ सेकंदांपाशी तिला टेकलं. मी २.३ सेकंदांपासून २.८पर्यंत फेड दिला आणि पुढचं फेकलं. हा फेड विसरलात तर गाण्याच्या प्रत्येक शब्दामागे बारीक फुसफुस येते आणि शब्द थांबला की तीही थबकून थांबते. पट्टी ४० डेसिबललाच लागत असेल तर फेडने लपवू नका. रात्री उशिरा जाऊन लांब स्वीपने पुन्हा घ्या.

शेवटी ४० हर्ट्‌झखालचं कापा आणि २४ बिटमध्ये फाइल साठवा. फाइल ४८,०००ची आणि प्रोजेक्ट ४४,१००चा असेल, तर प्लगइन ती बदलून घेतोय ना हे पाहा. बदलून न घेता तशीच वाजवली तर जिना जवळपास नऊ टक्क्यांनी लांबतो आणि सुरही खाली सरकतात.

ऐकून पारखा

आधी एकच टोकदार खटका प्लगइनमधून काढा, मग कोरडी टाळी, मग बोलणं. जिन्यात खरी वाजवलेली एक टाळीही रेकॉर्ड करून आणलेली असली तर दोन्ही शेजारी ठेवून ऐका. टाळीनंतर पत्र्यासारखी तर्रर्र अशी फडफड ऐकू आली, तर ती दोन समांतर भिंतींमधली असू शकते, म्हणजे जिन्याचीच. खऱ्या टाळीतही ती असेल तर ती पुसायला जाऊ नका. खऱ्या टाळीत नसेल तर घड्याळाची गडबड किंवा स्वीपच्या वेळी थरथरलेला कठडा शोधा.

एवढं सगळं जमलं तरी ही फाइल एकाच स्पीकरच्या जागेची आणि एकाच माइकच्या जागेची आहे. जिन्यातून चालत जाणारा गायक तिच्यातून निघणार नाही. त्यासाठी स्पीकर दुसऱ्या पायरीवर ठेवून, माइकला हात न लावता, पुन्हा स्वीप घ्यावा लागतो. मी तळमजला, पहिला टप्पा आणि माइकच्या अगदी शेजारी अशा तीन जागा घेतो. शेजारची सर्वांत कमी वापरात येते, पण त्या दिवशी स्टँड लावलेलाच असतो.